लिव्हिंगस्टनचा मृत्यू नेमका कधी? १ मे, ४ मे आणि शरणपूरचा जेकब वेनराइट

गोदाकाठ

नाशिकच्या शरणपूर भागाची पायी फिरून ओळख करून देण्याचा आमचा एक छोटा उपक्रम आहे आणि त्यासाठी मी चार पानी माहितीपत्रक तयार करीत आहे. शरणपूर रस्त्याने रोज जाणाऱ्या अनेकांना माहीत नसते, की एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने येथे आश्रम आणि शाळा चालवली होती. त्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर त्याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि शवाबरोबर इंग्लंडलाही गेला. पत्रकात त्याच्यावर एक परिच्छेद आहे.

अडचण एका ओळीची आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील शिळेवर लिव्हिंगस्टनचा मृत्यू १ मे १८७३ रोजी झाल्याचे कोरलेले आहे. ज्या झाडाखाली त्याचे हृदय पुरले, त्याच्या खोडावर वेनराइटने स्वतः कोरलेली तारीख मात्र ४ मे १८७३ आहे. ॲबीतील दफन १८ एप्रिल १८७४ चे आहे. बातमी लंडनला पोहोचली जानेवारी १८७४ च्या अखेरीस. एका जुन्या लेखात तर ‘१८७४ मध्ये निधन’ असेही वाचले. दफन अकरा महिन्यांनी झाले हे मी समजू शकतो, पण मृत्यूच्याच दोन तारखा का? नाशिकचा माणूस तिथे हजर होता, त्याने स्वतःच्या हाताने तारीख कोरली, आणि तरी जगाने दुसरीच तारीख मान्य केली, हे मला पटत नाही.

तिथीवाले

याचे उत्तर सोपे आहे. जुनी आणि नवी अशा दोन इंग्रजी कालगणना होत्या आणि त्यांच्यात काही दिवसांचा फरक पडतो. शिवाजी महाराजांच्या निधनाची तारीख जुन्या गणनेने ३ एप्रिल १६८० आहे, नव्या गणनेने ती १३ एप्रिल होते. येथेही तसेच झाले असावे.

पुराभिलेख

महाराजांच्या तारखेबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु ते येथे लागू होत नाही. इंग्लंडने १७५२ मध्येच नवी गणना स्वीकारली होती, त्यामुळे १८७३ मध्ये मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला मुलगा जुन्या गणनेने तारीख कोरण्याचा संभव नाही. शिवाय त्या शतकात दोन गणनांमधील फरक बारा दिवसांचा होता आणि येथे तो तीन दिवसांचा आहे. तारखांचा फरक दिसला की आधी त्याचा आकडा पाहावा. फरक दहा ते तेरा दिवसांचा असेल तरच कालगणनेचा संशय घ्यावा.

गोदाकाठ यांच्या चार तारखांपैकी दोन लगेच बाजूला काढता येतात. १८ एप्रिल १८७४ ही दफनाची तारीख आहे आणि तिच्याबद्दल कोणताही वाद नाही. ‘१८७४ मध्ये निधन’ ही चूक कशी झाली असेल याचा मात्र अंदाज करता येतो. इंग्लंडमध्ये १८१३ पासून चर्चच्या दफनवहीचा जो छापील नमुना लागू झाला, त्यात नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाचा दिवस, वय आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही एवढेच रकाने होते. मृत्यूच्या तारखेचा रकानाच नव्हता. साध्या गावकऱ्याच्या बाबतीत मृत्यू आणि दफन यांत तीन-चार दिवसांचे अंतर असायचे, त्यामुळे वही पाहून कोणी दफनाचा दिवस हाच मृत्यूचा दिवस म्हणून उतरवला तरी चूक लहान राहत असे. लिव्हिंगस्टनच्या बाबतीत तीच सवय जवळजवळ वर्षभराची चूक करते.

जानेवारी १८७४ ही बातमीची तारीख आहे. तिचा प्रवास थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यातच पुढच्या प्रश्नाचे बीज आहे. मृत्यू झाला तो आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी. तेथून माणसे शव घेऊन पायी निघाली आणि ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबेजवळ, म्हणजे आजच्या टांझानियातील टबोरा भागात, पोहोचली. तेथे लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी निघालेला लेफ्टनंट कॅमेरॉन मुक्कामाला होता. त्याच्याकडे प्रथम लिव्हिंगस्टनचा सोबती चुमा पुढे आला आणि त्याने वेनराइटच्या हातचे पत्र दिले. त्या पत्रात ‘तुमचे वडील आजाराने वारले आहेत, शव आम्ही बरोबर आणले आहे, आमचे काही लोक मेले आहेत आणि आम्ही भुकेले आहोत’ अशा अर्थाचा मजकूर आहे. ‘तुमचे वडील’ म्हणण्याचे कारण असे, की लिव्हिंगस्टनचा मुलगाच वडिलांना शोधायला येत आहे असे या लोकांच्या कानावर आले होते. उपासमार झालेल्या माणसाने मदतीसाठी लिहिलेले ते पत्र आहे, आणि मृत्यू कोणत्या दिवशी झाला हे त्यात नाही.

पुढे ही बातमी पायी झांझिबारला गेली. झांझिबारला तेव्हा तार नव्हती, समुद्राखालची तार तेथे १८७९ मध्ये पोहोचली. म्हणून बातमी जहाजाने एडनला न्यावी लागली. एडनला १८७० पासून सुएझ आणि मुंबईशी जोडणारी तार होती. म्हणजे एडनपर्यंत यायला जवळजवळ नऊ महिने लागलेली बातमी तेथून पुढे तारेने थोड्याच वेळात लंडनला गेली.

सोलापुरी

विषय वाचून मला माझीच गोष्ट आठवली. आमच्याकडे लिंगायत पद्धतीप्रमाणे दफन करतात. माझ्या आजोबांचे निधन रात्री अडीच वाजता झाले आणि त्याच दिवशी दुपारी त्यांचे दफन झाले. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते सूर्योदयापूर्वी गेले म्हणजे आदल्या दिवशीची तिथी, त्यामुळे पुण्यतिथी आम्ही आदल्या दिवसाने करतो. वर्तमानपत्रात ‘काल दुःखद निधन झाले’ असा मजकूर दिला होता, पण तो छापून आला दोन दिवसांनी, म्हणजे ‘काल’ हा शब्द वाचून हिशेब करणाऱ्याला तिसरीच तारीख मिळते. आणि दाखल्यावर मृत्यूचा दिनांक म्हणून काकांनी कार्यालयात जाऊन नोंद केली तो दिवस पडला आहे. जमिनीच्या कामासाठी तो दाखला आता लागतो आहे. ही चूक दुरुस्त होऊ शकते का?

पुराभिलेख

आपला प्रश्न या धाग्याच्या बाहेरचा असला तरी थोडक्यात सांगतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी निबंधकाकडे पुराव्यासह अर्ज करावा लागतो. दाखल्यावर मृत्यूचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक असे दोन वेगळे रकाने असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी आपण कोणता रकाना वाचत आहात हे एकदा नीट पाहून घ्यावे. अनेकदा दाखला बरोबर असतो आणि आपण नोंदणीचा दिनांक मृत्यूचा म्हणून वाचलेला असतो.

‘काल’ या शब्दाबद्दल आपण सांगितले ते मात्र अगदी विषयाला धरून आहे. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना आणि ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा महिना असे लिहिण्याची रीत होती. निवेदन महिनाअखेरीस लिहिले गेले आणि पुढच्या महिन्याच्या अंकात तसेच छापले गेले, की तारीख सरळ एक महिना पुढे सरकते. दुसऱ्या पत्राने ते जसेच्या तसे उचलले, तर आणखी एक महिना.

म्हाळसा_जोशी

सोलापुरी यांच्या अडीच वाजण्यावरून मला एक शंका आली. लिव्हिंगस्टनही पहाटेच गेला ना? मग कोणी ३० एप्रिल आणि कोणी १ मे धरावे, हे साहजिक आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर दिवस सूर्यास्तापासून मोजतात, म्हणजे तेथील माणसाच्या हिशेबाने त्या संध्याकाळीच पुढचा दिवस लागलेला होता. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून, त्यांच्याकडे सूर्यास्तापासून आणि इंग्रजांकडे मध्यरात्रीपासून. तीन माणसांना एकच रात्र सांगायला लावली तर तारखा वेगळ्या येतीलच.

पुराभिलेख

शंका योग्य आहे. त्या रात्रीचे वर्णन चुमा आणि सुसी या लिव्हिंगस्टनच्या दोन सोबत्यांनी इंग्लंडमध्ये सांगितले आणि होरेस वॉलरने १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या डायऱ्या संपादित करताना ते छापले. रात्री अकराच्या सुमारास लिव्हिंगस्टनने सुसीला बोलावले आणि बाहेर गलका कशाचा चालला आहे असे विचारले. त्यानंतर तासाभराने पुन्हा बोलावले, औषधांची पेटी मागवली, मेणबत्तीच्या उजेडात मोठ्या कष्टाने कॅलोमेलची बाटली निवडली, जवळ पाणी ठेवून घेतले आणि आता तू जा असे सांगितले. जिवंतपणी त्याने कोणाशी बोलल्याची ही शेवटची नोंद. पुढे पहाटे चारच्या सुमारास मज्वारा नावाचा पोरगा घाबरून सुसीकडे आला. तो दाराशी झोपी गेला होता. सगळे आत गेले तेव्हा लिव्हिंगस्टन खाटेशेजारी गुडघे टेकून, डोके उशीवर हातांत ठेवलेल्या अवस्थेत होता आणि अंग थंड पडत चालले होते. म्हणजे प्राण गेला तो मध्यरात्रीपासून चार वाजेपर्यंत केव्हातरी, आणि साक्षीदार एकही नाही. ‘१ मे’ हे देखील शव सापडल्याची तारीख आहे, असे काटेकोरपणे म्हणावे लागेल.

तथापि दिवस कोठून सुरू होतो या प्रश्नाने एका दिवसाचा फरक पडतो, तीन दिवसांचा पडत नाही. झाडावरच्या ४ मे चे उत्तर त्यातून मिळत नाही.

गोदाकाठ

मग १ मे ठरली कशी? सुसीला इंग्रजी महिना-वार माहीत होते का?

पुराभिलेख

मोजून ठरली. लिव्हिंगस्टनने स्वतः लिहिलेली शेवटची नोंद २७ एप्रिल १८७३ ची आहे. अगदी थकून गेलो आहे, येथेच थांबलो, दुभत्या शेळ्या विकत आणायला माणसे पाठवली आहेत, आम्ही मोलिलामो नदीच्या काठी आहोत, एवढेच तीत आहे. या नोंदीचा खुंटा धरून पुढचे दिवस चुमा-सुसीच्या सांगण्यावरून मोजले गेले. त्यांनी तारखा सांगितल्या नाहीत, घटना क्रमाने सांगितल्या. एक दिवस तेथेच गेला, मग झोपडीची भिंत काढून त्याला किटांडावर, म्हणजे डोलीसारख्या खाटेवर, घेतले आणि नदी पार केली तो एक दिवस, दुसऱ्या दिवशी सकाळी चितांबो स्वतः भेटायला आला आणि आजाऱ्याने त्याला उद्या ये म्हणून परत पाठवले, आणि त्याच रात्री अंत. अशा रीतीने १ मे येते.

या पद्धतीची दुर्बलता दोन ठिकाणी आहे. पहिली अशी, की मोजणाऱ्याला एखादा दिवस आठवला नाही तर तो हिशेबातून नाहीसा होतो, आणि नऊ महिने चालून, नंतर समुद्र ओलांडून आलेल्या माणसांना एखादा रिकामा दिवस आठवणार नाही हे स्वाभाविक आहे. दुसरी अशी, की खुंटाच सरकलेला असू शकतो. लिव्हिंगस्टनच्या स्वतःच्या तारखाही नेहमी बिनचूक नसत. उजीजी येथे त्याला शोधायला आलेला पत्रकार स्टॅन्ली याच्याशी झालेल्या प्रसिद्ध भेटीची तारीख स्टॅन्लीच्या पुस्तकात १० नोव्हेंबर १८७१ आहे आणि लिव्हिंगस्टनच्या डायरीत ती ऑक्टोबरमध्येच येते. तापात पडलेल्या माणसाची दिवसांची मोजदाद सुटते. तेव्हा २७ एप्रिल हा खरोखर २७ एप्रिल होता, हे आपण गृहीत धरतो आहोत.

तिथीवाले

कालगणनेबद्दल माझे चुकले, हे मान्य करतो. पण मग ४ मे चे उत्तर मला आता दिसते आहे. शव लगेच पुरले नव्हते. त्यांनी आधी हृदय आणि आतडी काढून पुरली आणि नंतर शव वाळवले. ते हृदय पुरण्याचा दिवस ४ मे असेल. झाड त्या खड्ड्याशेजारीच होते. कबरीवर दफनाची तारीख असणारच. वेनराइटने कबरीचा दगड म्हणून झाड वापरले.

पुराभिलेख

हे अनुमान मलाही आकर्षक वाटते आणि त्याला आधारही आहे. त्याच कहाणीत असे येते, की ३ मे रोजी सकाळी स्थानिक रीतीप्रमाणे शोक करणारा एक मनुष्य पायांत घुंगरांसारखे वाळे बांधून आला आणि नाचत गात त्याने शोक केला. त्यासाठी वस्तीपासून थोडे दूर वरून उघडे असे एक आवार बांधले गेले होते. शव उघडण्याचे काम त्यानंतर झाले. हृदय आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून पुरली, त्या वेळी वेनराइटने प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधीचा पाठ वाचला. त्यामुळे ३ किंवा ४ मे हा दफनाचा दिवस म्हणून चांगला बसतो.

परंतु आपल्या अनुमानाच्या आड एक वाक्य येते. वॉलरने छापलेल्या हकिकतीत असे आहे, की वेनराइटला त्या म्वुला वृक्षावर डॉक्टरांचे नाव आणि मृत्यूची तारीख कोरायला सांगितले होते. दफनाची नव्हे. आता हे वाक्य प्रत्यक्ष सूचनेचे आहे की वॉलरने आपल्या भाषेत केलेला सारांश आहे, हे आज ठरवता येत नाही. ‘तारीख कोर’ एवढेच कोणी म्हटले असेल आणि कोरणाऱ्याने हातात हत्यार घेतले त्या दिवसाची तारीख घातली असेल, हेही शक्य आहे. खोडावर ‘निधन’ असा शब्द नाही. नाव, तारीख आणि सोबतच्या तीन माणसांची नावे, एवढेच आहे. तो भाग १८९९ मध्ये झाड तोडल्यावर लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला, म्हणून आपण त्याबद्दल इतके निश्चित बोलू शकतो.

आणि आणखी एक अडचण सांगतो, म्हणजे वेनराइटवर आंधळा विश्वास ठेवायचा की नाही हे गोदाकाठ यांना ठरवता येईल. मृत्यूनंतर सामानाची यादी वेनराइटनेच एका वहीत केली आणि तिच्यावर ‘रात्री ११ वाजता, २८ एप्रिल’ असे लिहिले. चुमा-सुसीच्या मोजणीप्रमाणे २८ एप्रिलला लिव्हिंगस्टन जिवंत होता. म्हणजे एकाच हाताने दोन तारखा लिहिल्या, त्यांतली एक मान्य तारखेच्या तीन दिवस अलीकडे आणि दुसरी तीन दिवस पलीकडे.

गोदाकाठ

हे वाचून माझा नाशिकचा अभिमान थोडा खाली बसला. म्हणजे आमच्या वेनराइटला त्या दिवसांत तारीखच ठाऊक नव्हती?

म्हाळसा_जोशी

मला ते तसे वाटत नाही. २८ एप्रिल हा आकडा लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या नोंदीच्या दुसऱ्याच दिवशीचा आहे. समजा वेनराइटने तारखेसाठी डायरी उघडली, त्यात शेवटचा दिवस २७ दिसला आणि त्याने पुढचा दिवस लिहिला. मधले दिवस लिहायला कोणी शिल्लकच नव्हते, हे त्याच्या लक्षात आले नसेल. नंतर कोणाशी तरी बोलून त्याने हिशेब सुधारला असेल. हा निव्वळ तर्क आहे, पण माणूस तारीख विसरला की आधी जवळची वही उघडतो, एवढा माझाही अनुभव आहे.

पुराभिलेख

हा तर्क मी कोठे वाचलेला नाही आणि तो खोडूनही काढता येत नाही. मी तो ‘शक्य’ म्हणून ठेवीन.

सोलापुरी

दाखला पुन्हा पाहिला. मृत्यूचा दिनांक खरोखरच चुकलेला आहे, रकाना मी बरोबरच वाचत होतो. दफनभूमीच्या वहीत योग्य दिवस आहे, तो उतारा जोडून अर्ज करणार आहे. पण एक विचारतो. या लिव्हिंगस्टनच्या प्रकरणात इंग्लंडमध्ये आलेले शव त्याचेच होते हे कसे ठरले? अकरा महिन्यांनी ओळखायचे म्हणजे काय ओळखणार?

पुराभिलेख

हाडावरून. १८४४ मध्ये माबोत्सा येथे सिंहाने त्याचा डावा दंड चावून मोडला होता आणि ते हाड नीट न जुळता तेथे खोटा सांधा तयार झाला होता. शव १५ एप्रिल १८७४ रोजी साउदॅम्प्टनला उतरल्यावर सर विल्यम फर्ग्युसन या शल्यवैद्याने तो दंड तपासला आणि ओळख पटवली. ही खात्री करून घेण्याला कारण होते. डिसेंबर १८६६ मध्ये मुसा नावाचा पळून आलेला माणूस झांझिबारला पोहोचला आणि लिव्हिंगस्टनला मारून टाकले असे त्याने सांगितले. ते वृत्त इंग्लंडभर छापले गेले आणि ते खोटे असल्याचे १८६७ मध्ये खास शोधमोहीम पाठवल्यावर कळले. म्हणजे मृत्यूची पहिली घोषणा मृत्यूच्या सहा वर्षे आधीची आहे. जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात नुसते नाव घालून शोधले तर ती आजही समोर येते.

दफनही एक खोटे आहे. उन्यान्येंबेच्या पुढे कासेकेरा येथे गावकरी प्रेत आपल्या हद्दीतून नेऊ देईनात. तेव्हा या माणसांनी ज्वारीसारख्या धान्याच्या ताटांची मोळी प्रेतासारखी बांधली, ती पुरण्यासाठी उन्यान्येंबेला परत नेत असल्याचे सोंग केले आणि वाटेत ताटे रानात फेकून दिली. खरे शव कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून किनाऱ्याकडे नेले. त्या गावातील एखाद्याने जर आठवण लिहून ठेवली असती, तर तीत दफन उन्यान्येंबेला झाल्याचे आले असते आणि लिहिणारा अगदी प्रामाणिक असता.

गोदाकाठ

पत्रकातील मजकूर मी असा केला आहे : “लिव्हिंगस्टनचे निधन चितांबोच्या गावी १८७३ च्या मेच्या पहिल्या दिवसांत झाले. प्रचलित तारीख १ मे ही सोबत्यांच्या सांगण्यावरून मोजलेली आहे. शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने हृदयाच्या दफनस्थळी झाडावर ४ मे ही तारीख कोरली. शव १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले गेले आणि त्या वेळी वेनराइट शवपेटीला हात देणाऱ्यांत होता.” सामानाच्या यादीवरील २८ एप्रिल मी वगळली आहे, कारण चार पानांत ती समजावून सांगता येणार नाही.

तिथीवाले

‘हृदयाच्या दफनस्थळी कोरली’ असे लिहिल्याने वाचक ती दफनाचीच तारीख समजेल. माझी हरकत नाही, कारण माझे मत तेच आहे.

पुराभिलेख

माझी आहे. ‘कोरलेली तारीख मृत्यूची की दफनाची हे स्पष्ट नाही’ एवढे अर्धे वाक्य जोडावे. जागा कमी पडत असेल तर ‘शवपेटीला हात’ काढा.

गोदाकाठ

तो हात काढणार नाही. दुसऱ्या पानावरचा नकाशा थोडा लहान करतो.